नोट्सच्या फोल्डरमधली ‘कॉन्फ्लिक्टेड कॉपी’ : दोन प्रती एक करताना तिसरी कुठून आणायची

ताई डोंबिवलीला घरून फराळाच्या ऑर्डर घेते. लोकलमध्ये बसली की फोनवर नोंद करते, घरी आली की लॅपटॉपवर. ऑर्डरची यादी म्हणजे साध्या मार्कडाउन फाइल्सचा एक फोल्डर. लॅपटॉपवर तो ड्रॉपबॉक्समध्ये आहे. ड्रॉपबॉक्सचं स्वतःचं अँड्रॉइड अ‍ॅप असा फोल्डर फोनच्या स्टोरेजमध्ये ठेवून दोन्ही बाजूंनी सिंक करत नाही, म्हणून फोनवर त्यासाठी वेगळं सिंक अ‍ॅप टाकलेलं. दिवाळीच्या दहा दिवस आधी फोल्डरमध्ये ही फाइल उगवली :

```
फराळ-ऑर्डर (Tai's conflicted copy 2024-10-21).md
```

ताईने दोन्ही फाइल्स शेजारी उघडल्या, जास्त भरलेली वाटली ती ठेवली आणि दुसरी उडवली. म्हणजे बहुतेक लोक जे करतात तेच. त्यातून ४० अनारसे जास्त झाले, लाडू कमी पडले, आणि चूक कुठे झाली ते शोधायला मी बसलो. तेव्हापासून मी ज्या पद्धतीने या प्रती मिटवतो ती इथे लिहितो. उदाहरण ड्रॉपबॉक्सचं आहे, पण क्लाउड कुठलाही असला तरी मधला गाभा बदलत नाही.

ही प्रत तयार का होते

सिंक करणारा प्रोग्राम फाइलच्या आत काय लिहिलंय ते वाचत नाही. त्याच्या लेखी फाइल म्हणजे एक गाठोडं आणि त्या गाठोड्याला एक आवृत्ती क्रमांक. फोन जेव्हा बदललेली फाइल वर पाठवतो तेव्हा तो सांगतो, “मी अमुक आवृत्तीवर बदल केलेत.” सर्व्हरवर अजून तीच आवृत्ती असेल तर नवी फाइल तिची जागा घेते. मधल्या काळात लॅपटॉपने नवी आवृत्ती चढवली असेल, तर सर्व्हर फोनची फाइल टाकून देत नाही, पण मूळ नावही देत नाही. वेगळ्या नावाने बाजूला ठेवतो.

यातून दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. मूळ नाव त्याला मिळतं जो आधी *पोचला*, ज्याने आधी किंवा नंतर *लिहिलं* त्याला नाही. आणि नावातली तारीख टक्कर झाली त्या दिवसाची असते, मजकूर लिहिला त्या दिवसाची नव्हे. फोन दोन दिवस नेटविना पडून राहिला तर परवाचा मजकूर आजच्या तारखेच्या प्रतीत येतो. म्हणून ‘नवी ठेवा, जुनी उडवा’ हा नियम इथे चालत नाही. जुनी-नवी असं काही नसतंच; एकाच खोडाच्या दोन फांद्या असतात.

आधी सगळं वर येऊ द्या, मग सिंक थांबवा

प्रत दिसली की लगेच फोल्डर साफ करायला घेऊ नका. आधी प्रत्येक उपकरण नेटला जोडा, फोनवरच्या अ‍ॅपमध्ये हाताने सिंक चालवा आणि सगळीकडे काम पूर्ण झाल्याची खूण येईपर्यंत थांबा. फोनमध्ये अजून न चढलेले बदल असतील तर तुम्ही लॅपटॉपवर सगळं नीट लावाल आणि तासाभराने फोन आणखी एक प्रत आणून टाकेल.

सगळं वर आलं की फोनवरचं सिंक बंद करा आणि लॅपटॉपवरचं ड्रॉपबॉक्स ‘पॉझ’ करा. इथून पुढे काम फक्त लॅपटॉपवर. फोनवर नोट्सचं अ‍ॅप उघडायचंही नाही, कारण काही अ‍ॅप्स फाइल नुसती उघडली तरी ती पुन्हा लिहितात. मग पूर्ण फोल्डरची एक नक्कल ड्रॉपबॉक्सच्या बाहेर कुठेतरी करून ठेवा. दोन मिनिटांचं काम आहे. ते टाळलं की मग रात्री बसावं लागतं.

प्रती शोधा

पुढच्या आज्ञा लिनक्स आणि मॅकच्या टर्मिनलमध्ये चालतात. विंडोजवर गिट बसवलं की त्यासोबत ‘गिट बॅश’ नावाची खिडकी येते, तिच्यात चालवा. गिटचा साठा वगैरे बनवायची गरज नाही, आपल्याला त्याची फक्त दोन हत्यारं हवी आहेत.

```
find . -iname '*conflict*'
```

ड्रॉपबॉक्स आणि सिंकथिंग या दोघांच्याही प्रतींच्या नावात हा शब्द असतो. सिंकथिंग मूळ नावानंतर `.sync-conflict-` जोडतं आणि पुढे तारीख-वेळ लागते. वनड्राइव्ह मात्र हा शब्द वापरत नाही, फाइलच्या नावापुढे फक्त संगणकाचं नाव चिकटवतो. तिथे तुमच्या लॅपटॉपच्या नावाने शोधा.

यादीत ऑब्सिडियन या नोट्सच्या अ‍ॅपच्या `.obsidian` फोल्डरमधल्या `workspace.json` सारख्या फाइल्स दिसल्या तर त्यांच्यावर डोकं शिणवू नका. कोणती नोट कुठल्या चौकटीत उघडी होती एवढंच त्यात असतं. त्यांची कॉन्फ्लिक्ट प्रत सरळ उडवा. त्यांचा मजकूर एकत्र करायचा प्रयत्न केला तर उलट फाइल मोडते.

फरक बघा, पण त्यावरून निर्णय घेऊ नका

कामासाठी एक वेगळा फोल्डर करा, तोही ड्रॉपबॉक्सच्या बाहेर. मूळ नावाची फाइल तिथे `laptop.md` म्हणून आणि कॉन्फ्लिक्ट प्रत `phone.md` म्हणून नकला. मूळ नावांमध्ये जागा, कंस आणि अवतरणचिन्ह असल्याने टर्मिनलमध्ये ती टाइप करणं म्हणजे वैताग. साध्या नावांनी तो मिटतो. मग :

```
git diff --no-index --word-diff laptop.md phone.md
```

काहीच छापून आलं नाही तर दोन्ही फाइल्स तंतोतंत सारख्या आहेत. प्रत उडवा आणि पुढे जा. असं होतं, तेव्हा हे आधी तपासलेलं बरं. `--word-diff` यासाठी की नोट्समधला अख्खा परिच्छेद बहुधा एकाच लांब ओळीत असतो. साधा फरक एका शब्दासाठी सगळा परिच्छेद लाल-हिरवा करतो. हा पर्याय नेमका शब्द दाखवतो. अक्षरांऐवजी `<E0><A4>` असा कचरा दिसला तर आधी `export LESSCHARSET=utf-8` चालवा.

याउलट सगळीच फाइल छापून आली, पण एकही शब्द लाल-हिरवा झाला नाही, तर ओळींच्या शेवटांत फरक आहे. एका प्रतीत विंडोजच्या पद्धतीच्या ओळी आहेत. व्हीएस कोडमध्ये ती फाइल उघडा, खालच्या पट्टीवर उजवीकडे `CRLF` लिहिलं असेल त्यावर क्लिक करून `LF` निवडा आणि जतन करा.

ताईच्या दोन फाइल्समध्ये तीन फरक निघाले. लॅपटॉपवर चकली ५ किलो, फोनवर ७ किलो. अनारशांची ओळ फोनवर होती, लॅपटॉपवर नव्हती. बेसन लाडू लॅपटॉपवर १५०, फोनवर १२०.

आता सांगा, अनारशांची ऑर्डर फोनवर नव्याने आली की लॅपटॉपवर रद्द झाली? दोन प्रतींकडे कितीही वेळ बघत बसलात तरी याचं उत्तर त्यांत नाही. ‘असू दे, राहिलेलं बरं’ म्हणून ताईने ती ओळ ठेवली. ऑर्डर रद्द झाली होती.

तिसरी प्रत : फांदी फुटण्याआधीचं खोड

उत्तर असतं दोन्ही प्रती जिच्यातून निघाल्या त्या फाइलमध्ये. ती अजून कुठेतरी शिल्लक असते. ड्रॉपबॉक्सच्या संकेतस्थळावर मूळ नावाच्या फाइलच्या मेनूत `Version history` आहे. मोफत खात्यात तिथे मागच्या ३० दिवसांच्या आवृत्त्या राहतात, म्हणून प्रती महिनोन्‌महिने साचू देऊ नयेत. ऑब्सिडियन वापरत असाल तर त्याच्या ‘फाइल रिकव्हरी’मध्येही नोंदी सापडतात. मूळ मांडणीत तो किमान पाच-पाच मिनिटांच्या अंतराने नोंद घेतो आणि सात दिवस ठेवतो. मात्र या नोंदी त्या-त्या उपकरणावरच असतात. लॅपटॉपच्या फोनवर दिसत नाहीत.

प्रश्न येतो यातली नेमकी कुठली घ्यायची. ताईच्या फाइलच्या इतिहासात तीन आवृत्त्या होत्या : आदल्या रात्री ९:४०, त्या दिवशी सकाळी ११:०५ आणि ११:२०. फोनवरच्या सिंक अ‍ॅपच्या नोंदवहीत त्या फाइलसाठी शेवटचं यशस्वी सिंक सकाळी ८:१० चं दिसत होतं, आणि त्यानंतर थेट दुपारी सव्वा वाजता टक्कर. म्हणजे फोनने सकाळी जी फाइल उतरवली ती आदल्या रात्रीची. तीच आपली मूळ प्रत. नियम एवढाच : फोनच्या शेवटच्या यशस्वी सिंकच्या वेळी क्लाउडवर जी आवृत्ती होती, ती. तिचा मजकूर `base.md` मध्ये ठेवा.

नोंदवही नसेल, वेळ नक्की सांगता येत नसेल, तर शंका आली की *जुनी* आवृत्ती घ्या. यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. समजा मी चुकून ११:२० ची आवृत्ती मूळ म्हणून धरली. तिच्यात लॅपटॉपचे बदल आधीच आहेत. मग प्रोग्रामला वाटणार, लॅपटॉपने काहीच बदललं नाही, सगळे बदल फोनने केले : अनारसे फोनने वाढवले, लाडू फोनने १५० वरून १२० वर आणले. तो निमूटपणे फोनची बाजू घेणार, लॅपटॉपचं काम पुसलं जाणार आणि एकही इशारा येणार नाही. गरजेपेक्षा जुनी आवृत्ती धरली तर मात्र बहुतेक वेळा एवढंच होतं की दोन्हीकडे सारखेच बदल दिसतात आणि ते तसेच स्वीकारले जातात. फार तर एखाददुसरा जादा प्रश्न विचारला जाईल.

तिन्ही प्रती एकत्र

ताईची मूळ प्रत अशी होती :

```
# फराळ ऑर्डर
- चकली ५ किलो
- चिवडा ३ किलो
- अनारसे ४० नग
- करंजी ६० नग
- शंकरपाळे २ किलो
- बेसन लाडू १०० नग
```

आता ही आज्ञा :

```
git merge-file -p --diff3 laptop.md base.md phone.md > result.md
```

क्रम महत्त्वाचा, मूळ प्रत मध्ये. तिची जागा चुकली तर वर सांगितलेला घोटाळा होतो, तोही गुपचूप. `-p` दिल्यामुळे निकाल वेगळ्या फाइलमध्ये जातो. तो विसरलात तर `laptop.md` वरच लिहिलं जातं. `result.md` मध्ये हे आलं :

```
# फराळ ऑर्डर
- चकली ७ किलो
- चिवडा ३ किलो
- करंजी ६० नग
- शंकरपाळे २ किलो
<<<<<<< laptop.md
- बेसन लाडू १५० नग
||||||| base.md
- बेसन लाडू १०० नग
=======
- बेसन लाडू १२० नग
>>>>>>> phone.md
```

चकली फक्त फोनवर बदलली होती, म्हणून ७ किलो आपोआप आली. अनारसे मुळात होते आणि लॅपटॉपवरून गेले, म्हणजे रद्द झाले. ती ओळ आपोआप गेली. लाडवांची ओळ दोन्हीकडे बदलल्यामुळे प्रोग्रामने निर्णय माणसावर सोडला, आणि `--diff3` मुळे मधल्या भागात मूळ आकडाही दाखवला.

त्या मधल्या ओळीकडे नीट बघा. १५० आणि १२० यांतला एक निवडायचा असता तर कुणीही १५० निवडले असते. ताईने ठेवलेल्या फोनच्या प्रतीत तर १२०च होते. पण मूळ आकडा १०० आहे. लॅपटॉपवर ५० वाढले, लोकलमध्ये फोनवर २० वाढले. ऑर्डर १७० लाडवांची आहे, आणि हा आकडा दोन्ही प्रतींत कुठेच लिहिलेला नाही. जिथे जिथे नोटेत बेरीज, शिल्लक, मोजणी असते तिथे ही शंका घ्यायचीच. उलट कुणी फोनवरून आकडा दुरुस्त करून ‘एकूण १२०’ असं लिहिलं असेल तर बेरीज चुकीची ठरेल. म्हणून मी ताईला फोन करून विचारलं, मगच १७० लिहिले आणि खुणांच्या चारही ओळी काढल्या.

रोजनिशीसारख्या नोट्समध्ये दोन्ही उपकरणं शेवटी नवा मजकूर जोडत असतील तर `--diff3` ऐवजी `--union` द्या. तो दोन्हीकडच्या ओळी एकाखाली एक ठेवतो आणि काही विचारत नाही. ऑर्डरच्या यादीला हा पर्याय लावला असता तर बेसन लाडवांच्या दोन ओळी आल्या असत्या, तेव्हा जिथे फक्त भर पडते अशाच नोटेला वापरा. टर्मिनलची भीती वाटत असेल तर मेल्ड हा वेगळा प्रोग्राम बसवा. `meld laptop.md base.md phone.md` केल्यावर तिन्ही प्रती शेजारी-शेजारी खिडकीत उघडतात आणि बाणांनी ओळी इकडून तिकडे नेता येतात. मूळ प्रत मात्र तिथेही मध्येच.

परत जागेवर

`result.md` एकदा वरपासून खालपर्यंत वाचा. मग त्यातला मजकूर मूळ नावाच्या फाइलमध्ये टाका. कॉन्फ्लिक्ट प्रतीचं नाव बदलून तिलाच मूळ बनवू नका. आवृत्त्यांचा इतिहास मूळ फाइलला जोडलेला आहे, तो अखंड राहू द्या. कॉन्फ्लिक्ट प्रत त्यानंतर उडवा. एखादी खूण नोट्समध्ये राहून गेली नाही ना, ते असं बघता येतं :

```
grep -rn '^<<<<<<<' .
```

आता लॅपटॉपचं सिंक सुरू करा, सगळं वर चढू द्या, आणि मगच फोनचं. फोनवर फाइल उघडून तुम्ही हाताने बदललेली ओळ तिथे पोचली का तेवढं बघा. ताईच्या बाबतीत १७०.

नावात ‘कॉन्फ्लिक्ट’ नसलेली भांडणं

मराठीत नोट्स लिहिणाऱ्यांच्या वाट्याला एक जादा दुखणं येतं. फोल्डरमध्ये ‘दुसऱ्या आठवड्याच्या ऑर्डर’ नावाच्या दोन फाइल्स दिसतात, नाव अक्षर न्‌ अक्षर सारखं, आणि संगणकाला त्यात काहीच वावगं वाटत नाही. कारण ‘ऱ्या’ एकापेक्षा जास्त प्रकारे लिहिला जातो. एका कीबोर्डवर तो ऱ या स्वतंत्र अक्षरापासून बनतो, दुसऱ्यावर साधा र, हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह यांपासून. तिसरा प्रकार म्हणजे र खाली नुक्ता. मॅकची जुनी फाइल व्यवस्था नावं अशी सुटी करून ठेवत असे. ‘ॲ’चंही तेच : एक अखंड अक्षर, किंवा अ वर चंद्र. संगणकावर पायथॉन बसवलेलं असेल तर नावांच्या आत काय आहे ते ही आज्ञा दाखवते :

```
python3 -c "import os;[print(ascii(f)) for f in os.listdir('.')]"
```

एका नावात `\u0931` आणि दुसऱ्यात `\u0930\u094d\u200d` दिसलं की चोर सापडला. यातली एक फाइल ‘दुसरी प्रत’ धरून वरचीच कृती करा. मजकुरातही हे घडतं : शब्दांचा फरक बघताना एकच शब्द लाल आणि हिरव्या रंगात तसाच्या तसा दिसला तर हेच कारण. मी ऑर्डरच्या फाइल्सची नावं आता `order-2024-w43` अशीच ठेवतो. मराठीचा अभिमान मजकुरात.

दुसरं भांडण जास्त वाईट, कारण त्यात कॉन्फ्लिक्ट प्रत तयारच होत नाही. फोनवर नोट उघडी आहे, मजकूर अ‍ॅपच्या स्मृतीत आहे. मागच्या मागे सिंक अ‍ॅपने नवी फाइल उतरवली, पण नोट्सच्या अ‍ॅपने ती पुन्हा वाचली नाही. तुम्ही एक शब्द टाइप केलात, अ‍ॅपने स्मृतीतला जुना मजकूर नव्या फाइलवर लिहिला. सिंकच्या दृष्टीने हा ताज्या आवृत्तीवर केलेला रीतसर बदल आहे, त्यामुळे टक्कर नाही. लॅपटॉपचं काम गायब, आणि फोल्डर अगदी स्वच्छ. ‘मी हे लिहिलं होतं की’ असं वाटलं तर आवृत्त्यांचा इतिहास उघडा आणि एखाद्या आवृत्तीत मजकूर अचानक कमी झालाय का ते बघा. तिच्या आधीची आवृत्ती ‘लॅपटॉप’, आत्ताची ‘फोन’, आणि त्याहून मागची, फोनला शेवटची मिळालेली, ती मूळ.

यावर ताईसाठी मी दोनच बदल केले. सिंक अ‍ॅपला बॅटरी बचतीतून सूट दिली, कारण अँड्रॉइड ते मागच्या मागे झोपवत होता आणि तासातासाला होणारं सिंक दुपारपर्यंत होत नव्हतं. आणि फोनवर मुख्य यादीला हात लावायचाच नाही असं ठरवलं. लोकलमधल्या नोंदी `phone-inbox.md` मध्ये जातात, जी लॅपटॉपवर फक्त वाचली जाते. रात्री ताई त्या वाचून मुख्य यादीत चढवते आणि घेतलेल्या नोंदी दुसऱ्या दिवशी फोनवरूनच खोडते. लॅपटॉपवरून खोडल्या तर तीही फाइल दोघांनी लिहिलेली होईल.